कपाटात उरलेल्या चार गोळ्या

नमस्कार. आज मी घरात उरलेलं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, स्वतःहून घेण्याचं एकच उदाहरण घेणार आहे आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जाणार आहे. हे उदाहरण कुणा एका रुग्णाचं नाही. बाह्यरुग्ण विभागात पुन्हा पुन्हा जे दिसतं, ते एकत्र करून मी ते रचलं आहे.

34 वर्षांची एक बाई आहे. चार महिन्यांपूर्वी तिच्या दाढेत पू झाला होता. दंतवैद्यांनी ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक आणि त्याच्या जोडीचं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांची एकत्र गोळी लिहून दिली, 625 मिलिग्रॅमची. सकाळी एक आणि रात्री एक, पाच दिवस, म्हणजे एकूण 10 गोळ्या. तिसऱ्या दिवशी दाढ काढली, ठणका थांबला, सूज ओसरली. सहा गोळ्या झाल्या होत्या, तिने पुढच्या घेतल्या नाहीत. चार उरल्या आणि कपाटात गेल्या.

आता तिचा घसा दुखतोय. सोमवारी संध्याकाळी खवखव सुरू झाली. मंगळवारी दुपारपर्यंत अंग कसकसलं, ताप 101 अंश फॅरनहाइट झाला आणि थुंकी गिळतानाही दुखायला लागलं. आरशात बघितलं तर घसा लालबुंद. तिला कपाटातली पट्टी आठवली. मुदत अजून संपलेली नव्हती. मंगळवारी रात्री एक, बुधवारी सकाळी एक, रात्री एक, गुरुवारी सकाळी एक, अशा चारही गोळ्या तिने घेतल्या. गुरुवारी रात्री ताप उतरला, शुक्रवारी ती कामावर गेली. डॉक्टरांकडे जाणं वाचलं, गोळ्याही वाया गेल्या नाहीत.

या चार गोळ्यांनी नेमकं काय केलं, हे आता आपण बघू. त्यासाठी आधी तिच्या घशात काय होतं ते ठरवावं लागेल, आणि अडचण तिथेच आहे. ते तिला माहीत नव्हतं, आणि गोळ्या घेतल्यानंतर कुणालाही ते कळणं अवघड होऊन बसलं.

सगळ्यात जास्त शक्यता अशी की तिच्या घशात विषाणू होता. घसा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे येणाऱ्या 100 प्रौढांपैकी साधारण 5 ते 15 जणांनाच ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे त्रास होत असतो. मुलांमध्ये हे प्रमाण 20 ते 30 पर्यंत जातं. बाकीच्या बहुतेकांमध्ये सर्दीचे, फ्लूचे किंवा तशाच जातीचे विषाणू असतात. ॲमॉक्सिसिलिनचं काम एकच आहे. जिवाणू स्वतःभोवती जी भिंत बांधतो, ती ते बांधू देत नाही. विषाणूला ती भिंतच नसते. त्यामुळे गोळी कितीही चांगली असली, कितीही मिलिग्रॅमची असली, तरी विषाणूच्या वाटेत ती कुठेच येत नाही.

मग ताप उतरला कसा? तो उतरणारच होता. विषाणूमुळे दुखणारा घसा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतो आणि मग कमी होत जातो. घसादुखीवर प्रतिजैविकं द्यावीत का, यावर झालेले अनेक प्रयोग एकत्र करून अभ्यासले गेले आहेत. प्रतिजैविक न घेतलेल्यांपैकीही सुमारे 82 टक्के लोक आठवड्याभरात बरे झालेले होते. प्रतिजैविकाने सरासरी जो फरक पडला तो सुमारे 16 तासांचा होता. यात ज्यांच्या घशात खरोखर जिवाणू होता, तेही धरलेले आहेत.

आपण गोळी केव्हा शोधतो, ते आठवून पाहा. पहिल्या खवखवीला कुणी कपाट उघडत नाही. त्रास असह्य होतो तेव्हा उघडतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी किंवा तिसऱ्या. आजार कळसाला पोचलेला असतो आणि तिथून तो उतरणीलाच लागणार असतो. त्या क्षणी तुम्ही जे काही घ्याल त्याला श्रेय मिळेल. आमच्या या बाईंच्या मनात आता पक्कं बसलंय की तिला ‘ती’ गोळी लागू पडते. पुढच्या वेळी ती थांबणार नाही, आणि मुलाचा घसा दुखला तर अर्धी करून त्यालाही देईल. मला या चार गोळ्यांपेक्षा या खात्रीची काळजी जास्त वाटते. कारण अनुभवावर बसलेली खात्री कुणाच्या सांगण्याने हलत नाही, आणि इथे तर तिला स्वतःचा अनुभव आहे.

‘पण टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले तर तो जिवाणूच, नाही का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाही. ॲडिनोव्हायरस या विषाणूच्या संसर्गात टॉन्सिलवर पांढरा थर येतो, ग्रंथिज्वर या विषाणूच्याच आजारातही येतो. डॉक्टर चार गोष्टी बघतात: ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरा थर आहे का, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आहेत का आणि खोकला नाही ना. चारही जुळल्या तरी तपासणीत साधारण निम्म्यांमध्येच स्ट्रेप्टोकॉकस सापडतो. म्हणजे टॉर्च घेऊन, हाताने चाचपून, सरावलेल्या नजरेने पाहिल्यावरही उत्तर अर्धंच मिळतं. म्हणून कापसाच्या बोळ्याने घशातला नमुना घेऊन त्याची तपासणी करतात. उलट बाजूने मात्र लक्षणं बरीच खात्री देतात. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, असं असेल तर विषाणूच असण्याची शक्यता फार मोठी.

आता दुसरी शक्यता धरू. समजा, तिच्या घशात स्ट्रेप्टोकॉकसच होता. मग तर गोळी बरोबर लागू पडली, असं वाटेल. गंमत पहा, हा जिवाणू पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना आजही बळी पडतो. पेनिसिलिनला दाद न देणारा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस रुग्णांमध्ये पसरलेला नाही. पहिल्या दोन-तीन गोळ्यांतच घशातल्या जिवाणूंची संख्या एकदम घटते, ताप उतरतो, एक-दोन दिवसांत गिळणं सोपं होतं. पण लक्षणं जाणं आणि जिवाणू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॉन्सिलच्या खाचांमध्ये ते शिल्लक राहतात. त्यांना घशातून पूर्ण काढायचं असेल तर पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन 10 दिवस द्यावं लागतं, हे अनेक दशकांच्या अनुभवातून ठरलं आहे. जिथे या जिवाणूमागून येणारा संधिवाताचा ताप जवळजवळ नाहीसा झाला आहे, अशा काही देशांत लक्षणं जाण्यापुरते पाच दिवसही चालतात, असं अलीकडे मानलं जातं. पण दोन दिवसांत चार गोळ्या हा हिशोब या दोन्हींत कुठेच बसत नाही.

पूर्ण काढण्याचा आग्रह कशासाठी? घशासाठी नाही, घसा तसाही बरा होतो. आग्रह हृदयासाठी आहे. या जिवाणूविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती काही जणांमध्ये स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. याला संधिवाताचा ताप म्हणतात. घसा दुखून गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तो येतो. आज गुडघा सुजतो, परवा घोटा, दम लागतो, आणि तोवर घसादुखी सगळे विसरलेले असतात. तो मुख्यतः 5 ते 15 वर्षांच्या मुलांमध्ये होतो. आपल्या बाईला 34व्या वर्षी त्याचा धोका कमीच आहे. पण तिने जर हीच गोळी तिच्या 9 वर्षांच्या मुलाला दिली असती आणि तो दोन दिवसांत खेळायला लागला असता, तर मला फार चिंता वाटली असती. लक्षणं दाबली गेली, जिवाणू राहिला, डॉक्टरांना दाखवायचं कारणही उरलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू केलं, तरी संधिवाताचा ताप टाळता येतो. नऊ दिवस! म्हणजे रात्री साडेअकरा वाजता कपाट उघडून काहीतरी सुरू करण्याची घाई या आजारात नाहीच. सकाळी डॉक्टरांकडे जाता येतं, तपासणी करता येते, अहवालासाठी एक-दोन दिवस थांबताही येतं. तेवढ्या थांबण्याने हृदयाचं नुकसान होत नाही. मध्यरात्री ताप आला की आपल्याला वाटतं की आत्ता काही केलं नाही तर उशीर होईल. या आजाराच्या बाबतीत ते खरं नाही.

समजा, रविवारी तिचा ताप पुन्हा चढला. हेही होतं, कारण चार गोळ्यांचा दाब सरला की उरलेले जिवाणू वाढू शकतात. ती डॉक्टरांकडे जाते. ते घशातून बोळा फिरवून नमुना घेतात. प्रयोगशाळेत तो नमुना रक्त मिसळलेल्या थराच्या बशीवर पसरतात, रात्रभर उबेत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी जिवाणूंचे ठिपके आले का ते बघतात. ज्याने प्रतिजैविक घेतलंय त्याच्या घशातला जिवाणू या बशीवर उगवतोच असं नाही. अहवाल येतो: ‘जिवाणू आढळला नाही.’ डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलेलं नसेल तर ते हा अहवाल खरा धरतात. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यापर्यंत पोचलेली माहितीच अर्धी होती.

आणि आता तिसरी शक्यता. ती संख्येने लहान आहे, पण माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे. घसादुखीच्या आडून, किंवा घसादुखी नसलेल्या नुसत्या तापाच्या आडून, दुसराच आजार आलेला असतो.

ग्रंथिज्वराचं बघा. हा एका विषाणूचा आजार, जास्त करून किशोर आणि तरुण वयातला. घसा भयंकर दुखतो, टॉन्सिलवर जाड थर येतो, मानेत मोठ्या गाठी येतात. यात ॲमॉक्सिसिलिन घेतलं की अनेकांच्या अंगभर काही दिवसांनी लाल पुरळ उठतं. ही बहुतेक वेळा पेनिसिलिनची खरी ॲलर्जी नसते, त्या विषाणूच्या संगतीने उठलेलं पुरळ असतं. पण घरी स्वतःच गोळी घेतलेल्या मुलाच्या कागदावर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा बसतो आणि जन्मभर चिकटतो. 20 वर्षांनी त्याला न्यूमोनिया होतो किंवा शस्त्रक्रिया करायची असते, तेव्हा सर्वांत योग्य औषध बाजूला ठेवून त्याला दुसरं दिलं जातं. कुणीतरी कधीतरी तो शेरा तपासून बघेपर्यंत हे चालू राहतं.

याहून गंभीर प्रकार रक्तातल्या संसर्गाचा. ज्याच्या हृदयाची एखादी झडप आधीच खराब आहे, त्या झडपेवर जिवाणू घर करू शकतात. सुरुवातीला दिसतं काय? बारीक ताप, थकवा, रात्रीचा घाम. घरात उरलेल्या गोळ्या चालू केल्या की ताप तीन-चार दिवस दबतो. बंद केल्या की परत येतो. पुन्हा उरलेल्यांपैकी काहीतरी सुरू. असे आठवडे जातात आणि झडप आतून कुरतडली जात राहते. या आजाराला शिरेतून चार ते सहा आठवडे औषध लागतं, आणि कोणतं औषध ते ठरवायला रक्तात कोणता जिवाणू आहे हे कळावं लागतं. त्यासाठी रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून जिवाणू वाढू देतात. तो वाढला तरच त्याचं नाव कळतं आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं हेही कळतं.

बाटलीतली ही वाढ किती नाजूक असते याचा एक चांगला अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तीव्र जंतुदोष झालेल्या रुग्णांचं रक्त प्रतिजैविक देण्याआधी घेतलं आणि औषध सुरू केल्यावर दोन तासांच्या आत पुन्हा घेतलं. आधीच्या नमुन्यांत सुमारे 31 टक्के रुग्णांमध्ये जिवाणू वाढला. नंतरच्या नमुन्यांत सुमारे 19 टक्क्यांमध्येच. रुग्ण तेच, आजार तोच, मध्ये दोन तासही पूर्ण गेले नव्हते. रुग्णालयात त्या रुग्णांना औषध लगेच देणं गरजेचंच होतं, आणि नमुना आधी घेतलेला असल्याने काही बिघडलं नाही. घरी मात्र नमुना कुणी घेतलेला नसतो. दोन दिवस गोळ्या घेऊन आलेल्या माणसाचा ताप ज्या जिवाणूमुळे आहे, त्याचा माग आपणच पुसून टाकलेला असतो. विषमज्वरातही हेच होतं. आणि ज्यांच्या घरात लिव्होफ्लॉक्सॅसिन किंवा त्याच्या कुळातलं औषध उरलेलं असतं, त्यांच्या खोकला-तापावर त्याचा आणखी एक परिणाम होऊ शकतो. हे औषध क्षयाच्या जिवाणूवरही चालतं. रुग्णाला काही दिवस बरं वाटतं आणि क्षयाचं निदान मागे पडतं.

एक वेगळा इशारा इथेच देते. थायरॉइड जास्त काम करतं म्हणून जे कार्बिमाझोल किंवा त्या जातीची गोळी घेतात, ज्यांची कर्करोगाची औषधं चालू आहेत किंवा जे प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेतात, त्यांचा घसा दुखला आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायला हव्यात. त्या पेशी अगदी खाली गेल्या असतील तर घसादुखी ही त्याची पहिली खूण असू शकते. अशा माणसाने कपाटातली गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

इथपर्यंत आपण घसा आणि ताप यांच्याबद्दल बोललो. आता त्या चार गोळ्यांनी जिथे काहीच आजार नव्हता, तिथे काय केलं ते बघू.

11 डिसेंबर 1945 रोजी अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी स्टॉकहोममध्ये नोबेल व्याख्यान दिलं. पेनिसिलिनच्या शोधाबद्दलचं ते पारितोषिक होतं. त्या व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली आणि योगायोगाने ती आपल्याच विषयाची आहे. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरं घेतो. त्याच्या घशातला स्ट्रेप्टोकॉकस मरत नाही, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतो. मग त्याच्याकडून तो बायकोला जातो, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिलं तरी चालत नाही आणि ती मरते.

80 वर्षांनंतर मागे वळून पाहिलं तर फ्लेमिंग यांचा इशारा खरा ठरला, पण गोष्टीतला जिवाणू वेगळा निघाला. घसा दुखवणारा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस, मी मघाशी म्हटलं तसं, पेनिसिलिनपुढे अजून नमतोच. प्रतिकार वाढला तो दुसरीकडे: आतड्यातल्या जिवाणूंत, त्वचेवरच्या आणि नाकातल्या जिवाणूंत, न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकसमध्ये. ज्यांच्यासाठी गोळी घेतलीच नव्हती, ते बाजूला उभे असलेले जिवाणू शिकले.

हे कसं घडतं? गिळलेली गोळी घशापुरती राहत नाही. ती रक्तात जाते, आतड्यात राहते, लाळेत, घामात, लघवीत उतरते. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू निरुपद्रवीपणे नांदत असतात. त्यांच्यात मूठभर असे असतात की ज्यांच्याकडे या औषधाला निकामी करण्याची युक्ती आधीपासूनच असते. एरवी गर्दीत त्यांना वाढायला जागा मिळत नाही. औषधाने बाकीचे मेले की जागा मोकळी होते आणि हे पसरतात. तण तेच असतं, आपण मधलं पीक उपटून त्याला वावर मोकळं करून देतो. शिवाय ही युक्ती जिवाणू एकमेकांना देऊ शकतात, वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा. आणि हो, ‘माझ्या शरीराला औषधाची सवय झाली’ असं आपण म्हणतो, पण सवय शरीराला होत नाही. बदलते ती आपल्यासोबत राहणाऱ्या जिवाणूंची वस्ती, आणि ती घरातल्या इतरांपर्यंतही पोचते.

बदललेली वस्ती लगेच पूर्ववत होत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही दुसऱ्या कुळातली प्रतिजैविकं दिली. त्यांच्या तोंडात एरवीच राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जिवाणूंमध्ये औषधाला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण लगेच वाढलं आणि ते 180 दिवसांनंतरही पूर्ण खाली आलेलं नव्हतं. लक्षात घ्या, ही माणसं निरोगी होती. लघवीच्या आणि श्वसनमार्गाच्या संसर्गांवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तर एकदा प्रतिजैविक घेतल्यावर त्या माणसाच्या जिवाणूंमधला प्रतिकार पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि 12 महिन्यांपर्यंत जाणवू शकतो.

म्हणजे आपल्या बाईला दीड महिन्याने लघवीला जळजळ सुरू झाली, तर ती ज्या जिवाणूमुळे होईल तो बहुधा तिच्याच आतड्यातला असेल. आणि घशासाठी घेतलेल्या त्या चार गोळ्यांनी तिथल्या, औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंची निवड करून ठेवलेली असेल. लघवीसाठीचं पहिलं साधं औषध चालेल का, हा प्रश्न आता उभा राहतो.

इथे एक गैरसमज दूर करते. कुणाला वाटेल की चार गोळ्या अर्धवट होत्या म्हणून प्रतिकार वाढला, पूर्ण 10 घेतल्या असत्या तर वाढला नसता. आतड्यातल्या जिवाणूंच्या बाबतीत तसं नाही. पूर्ण मात्राही त्यांच्यावर हाच दाब टाकते, आणि जास्त दिवस टाकते. गरज असताना आपण ते नुकसान स्वीकारतो, कारण बदल्यात खरा आजार बरा होतो. कपाटातल्या गोळ्यांच्या बाबतीत बदल्यात काहीही मिळत नाही. म्हणून विषाणूवर ‘नीट पूर्ण कोर्स’ घेणं हा उपाय नव्हे. अँटिबायोटिक वर्षातून एकदा घेतलं काय किंवा दहा वेळा, प्रश्न एकच असतो की त्या आजारावर त्याचं काम होतं का.

उरलेल्या गोळ्यांची आणखी एक अडचण आहे. त्या बहुतेक वेळा दुसऱ्याच आजारासाठी दिलेल्या असतात. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत साठतं, घशात त्याचा उपयोग होईल एवढं ते पोचतच नाही. मेट्रोनिडॅझोल हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंवर आणि काही परजीवींवर चालतं, स्ट्रेप्टोकॉकसवर नाही. लहान मुलांचं ॲमॉक्सिसिलिनचं पातळ औषध पावडरीत पाणी घातल्यापासून थोडेच दिवस टिकतं, बाटलीवर लिहिलेलं असेल तेवढेच. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेलं तर त्याहून लवकर उतरतं. शिवाय मुलांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्या बहिणीचं उरलेलं औषध धाकट्याला दिलं तर ते एकतर कमी पडतं किंवा जास्त होतं.

मग घसा दुखला आणि ताप आला तर रात्री करायचं काय? प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉल, एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, आणि 24 तासांत 4000 मिलिग्रॅमच्या वर कधीही नाही. यकृताचा आजार असेल, नियमित मद्यपान असेल किंवा वजन फार कमी असेल तर याहून कमी, आणि डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशोबात धरायला विसरू नका. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, भरपूर पाणी, विश्रांती. या उपायांनी आराम पडतो आणि निदानाच्या वाटेत काही आड येत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, घसा आठवड्याने कमी व्हायच्या ऐवजी वाढला, अंगावर पुरळ उठलं, घरातल्या लहान मुलाला खोकला-सर्दी नसताना ताप आणि घसादुखी असली, तर जायला हवं. आणि काही खुणा अशा की ज्यांत सकाळची वाटही बघू नये: श्वास घ्यायला त्रास, लाळही गिळता न येणं, तोंड पुरतं न उघडणं, घशाची एकच बाजू सुजून आवाज घोगरा-कोंडल्यासारखा होणं, मान आखडणं, बरळणं, घशात करड्या रंगाचा चिकट पडदा दिसणं. एका बाजूची सूज म्हणजे टॉन्सिलमागे पू साठलेला असू शकतो आणि तो बाहेर काढावा लागतो. करडा पडदा घटसर्पाचा असू शकतो आणि त्याला प्रतिविष लागतं. दोन्हींत कपाटातली गोळी कामाची नाही.

आता काही प्रश्न आले आहेत, ते घेते.

एका आजोबांनी विचारलंय की मुदत संपली नसेल तर गोळी फेकणं हे वाया घालवणं नाही का. आजोबा, तुमची हळहळ मला कळते. औषध टाकून द्यायला कुणालाच आवडत नाही. पण तारीख एवढंच सांगते की गोळीतलं औषध अजून शाबूत आहे. तुमच्या आजच्या आजाराशी तिचा संबंध आहे का, हे ती सांगत नाही. उरलेल्या गोळ्या परत घेण्याची सोय जवळच्या औषधविक्रेत्याकडे किंवा रुग्णालयात असेल तर तिथे द्या. नसेल तर पट्टीतून काढून, माती किंवा ओल्या कचऱ्यात मिसळून, पिशवीत घट्ट बांधून घरातल्या कचऱ्यात टाका. मोरीत किंवा संडासात टाकू नका. पाण्यात गेलेलं प्रतिजैविक तिथल्या जिवाणूंवरही तोच दाब टाकतं.

दुसरा प्रश्न: गोळ्या उरल्या म्हणजे रुग्णाची चूक का? प्रत्येक वेळी नाही. कधी डॉक्टर स्वतःच तपासणीचा अहवाल पाहून औषध बंद करायला सांगतात, कधी बदलतात, कधी अख्खी पट्टीच मिळते आणि लागतात त्यातल्या काहीच. डॉक्टरांनी थांबवलं असेल तर थांबणं बरोबरच. स्वतःहून मात्र मध्येच सोडू नका, बरं वाटत असेल तर फोन करून विचारा की आता पुढच्या घेऊ का.

शेवटचा प्रश्न एका तरुण आईचा आहे. ‘मी मुलीला काल रात्रीपासून उरलेलं औषध दिलंय, तीन डोस झालेत. आता बंद करू की पूर्ण करू?’ ताई, पुढचा डोस देऊ नका आणि आजच मुलीला दाखवून या. जाताना बाटली सोबत न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: औषधाचं नाव आणि बाटलीवरचा आकडा, प्रत्येक वेळी किती मिलिलिटर दिलं, आणि पहिला व शेवटचा डोस किती वाजता दिला. विचारायची वाट पाहू नका, आत गेल्या गेल्या सांगा. तेवढ्यावरून डॉक्टर ठरवतील की घशाची तपासणी आत्ता करायची, एक-दोन दिवस थांबून करायची, की मुलीच्या लक्षणांवरूनच पुढचं औषध ठरवायचं. आणि तुम्ही सांगितलंत म्हणून ‘जिवाणू आढळला नाही’ असा अहवाल आला, तरी त्याचा अर्थ लावताना ते हे तीन डोस हिशोबात धरतील.